दाढ ठणकते तेव्हा नाडी का धावते?

वाचकाचं पत्र

“माझं वय ४६. डाव्या बाजूची खालची दाढ दोन आठवडे दुखतेय. गार पाणी लागलं की सणक जाते, त्या बाजूने चावता येत नाही आणि रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता हातातल्या घड्याळात नाडी ११६ दिसली, घरच्या मशीनवर बीपी १५६/९४. घाबरून कॅज्युअल्टीत गेलो. कार्डिओग्राम काढला आणि ‘नाडी जलद आहे, बाकी ठीक’ म्हणून घरी पाठवलं. एरवी माझी नाडी ७४-७६ असते. अर्धशिशीचा त्रास लग्नाआधीपासूनचा, त्या दिवशीही नाडी शंभरच्या आसपास जाते. माझे मोठे दीर ‘जबडा दुखतोय’ म्हणत दातांच्या डॉक्टरांकडे जाणार होते, त्याच आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. म्हणून घरचे म्हणतात, आधी अँजिओग्राफी कर, मग दात. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलंय, पण ते इंजेक्शन हृदयाला सोसेल का, या भीतीने मी थांबले आहे. काय करू?”

उत्तर

ताई, दाढेचं काम आधी करा, आणि याच आठवड्यात करा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून अँजिओग्राफीचं कारण मला दिसत नाही. एकदा फिजिशियनला दाखवून घ्या, ते कशासाठी ते पुढे सांगते. पण त्यासाठी रूट कॅनाल अडवून ठेवू नका.

घरच्यांची भीती मात्र खोटी नाही. हृदयाला रक्त कमी पडलं तर त्याची वेदना जबड्यात, घशात, कधी दातांतही जाणवते. हृदयाकडून येणाऱ्या आणि जबड्याकडून येणाऱ्या नसांचे निरोप मेंदूच्या बुंध्यापाशी आणि मानेच्या वरच्या मज्जारज्जूत एकमेकांत मिसळतात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठलं, हे मेंदूला वेगळं करता येत नाही. हृदयाला रक्त कमी पडलेल्या १८६ रुग्णांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभरात सुमारे सहा जणांची एकमेव तक्रार चेहरा, जबडा किंवा घसा दुखण्याची होती. छातीत काहीच नव्हतं, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं. तेव्हा जबड्याच्या दुखण्याकडे हृदयाच्या बाजूने एकदा बघणं योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की बघायचं कसं?

हृदयाची जबड्यातली कळ एका दाताची नसते. ‘इथे दुखतंय’ म्हणून बोट ठेवता येत नाही, माणूस तळहाताने सगळा खालचा जबडा, गळा दाखवतो. बरेचदा ती दोन्हीकडे असते. ‘डावीकडे दुखतंय म्हणजे हृदय’ ही समजूत जबड्याच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाही. वेदना दाबल्यासारखी, आवळल्यासारखी, जड असते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती तोंडातल्या गोष्टींनी बदलत नाही, पायांच्या कामाने बदलते. गार पाण्याने सणक जात नाही, दातावर चमच्याचं टोक ठोकलं तरी काही वाढत नाही. पण जिना चढताना, भरभर चालताना, जड पिशवी उचलून आणताना ती येते आणि पाच-दहा मिनिटं टेकलं की जाते. दाढेचं उलट असतं. गार-गरम, चावणं, ठोकणं आणि आडवं होणं यांनी ती चिडते. झोपल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि दाताच्या आतल्या बंद पोकळीत सुजलेल्या गाभ्याला पसरायला जागाच नसते, म्हणून ठणका रात्रीचा. तुमच्या पत्रात हृदयाकडे बोट दाखवणारी एकही खूण नाही. दाढेकडे दाखवणाऱ्या मात्र तीन आहेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती स्वतःला विचारा: दोन-तीन जिने चढून किंवा बाजारातून भरभर चालत येताना जबडा, गळा, छाती किंवा हात भरून येतो का? धाप नेहमीपेक्षा जास्त लागते का? उत्तर ‘हो’ असेल तर माझं वरचं म्हणणं बदलतं. मग दाढेच्या खुर्चीत बसण्याआधी फिजिशियनला दाखवा, त्याच दिवशी.

आता नाडीकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, की नाडी हा हृदयाचा आकडा, म्हणून तो वाढला तर बिघाड हृदयात असणार. खरं तर हृदय किती वेगाने चालायचं हे बहुतेक वेळा हृदय ठरवत नाही, शरीराची गरज ठरवते. तीव्र वेदना झाली की शरीर तिला धोका समजतं. ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, नाडी वेग घेते. एरवी ७५ असणारी नाडी ठणक्यात ९५ ते ११५ होणं हे निरोगी हृदयाचं काम आहे. वर रात्री दोनची वेळ, झोपमोड, नीट न जेवलेलं पोट, आणि घड्याळातला आकडा बघून बसलेला धसका! त्या धसक्यानेही दहा-वीस ठोके सहज वाढतात. आकडा वाढला म्हणून पुन्हा बघायचं, आणि बघितलं म्हणून पुन्हा वाढायचा, हे चक्र मी ओपीडीत फार वेळा पाहते.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, आणि ती घरच्यांनाही वाचून दाखवा. हार्ट अटॅक येत असताना नाडी ७२ असू शकते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असेल तर ती पन्नासवरही येते. म्हणजे ११६ ने अटॅक सिद्ध होत नाही आणि ७२ ने तो खोटा ठरत नाही. नुसत्या आकड्यावर विसंबू नका. नाडी कशी वागते ते बघा.

आधी काय आलं ते आठवा. दाढ ठणकायला लागली आणि मग धडधड जाणवली, की काही दुखत नसताना धडधड सुरू झाली? दुखण्याच्या मागोमाग आलेली नाडी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. हृदयाच्या विद्युतमार्गात दोष असेल तर ती एका क्षणात ८० वरून १५०-२०० वर जाते आणि तशीच एका क्षणात खाली येते. असे रुग्ण ‘बटण दाबल्यासारखं झालं’ असंच सांगतात. दुसरं म्हणजे ताल. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. ठोके जलद पण सारख्या अंतराने पडत असतील तर ती दुखण्याची, तापाची, भीतीची नाडी असण्याची शक्यता जास्त. कशाचाच मेळ नसलेले, कधी दोन जवळ तर कधी लांब असे ठोके असतील, तर कार्डिओग्राम काढायलाच हवा. आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यांत विश्वासाचं: दुखणं उतरल्यावर नाडी उतरते का?

हे घरी बघता येतं. घड्याळ काढून ठेवा, हे आग्रहाने सांगते. मनगटावरच्या घड्याळातला प्रकाशाचा सेन्सर हात हलला, पट्टा सैल असला, हात गार पडले की चुकतो. काही घड्याळांत कार्डिओग्रामची सोय असते, ती ताल बिघडलाय का एवढंच सांगू शकते, हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. त्याऐवजी खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. वहीत वेळ, दुखणं दहापैकी किती, नाडी, ताल सारखा आहे का, आणि तापमान लिहा. मग वेदनाशामक घ्या. तासाभराने पुन्हा मोजा, आणि सकाळी दुखणं कमी असताना तिसऱ्यांदा. मधे मोजू नका.

समजा रात्री अकराला दुखणं ८, नाडी ११०, ताप नाही. पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी घेतली. बाराला दुखणं ४, नाडी ८८. सकाळी सातला दुखणं २, नाडी ७८. इथे नाडी पावलोपावली दुखण्याच्या मागे गेली. अशी वही समोर आली तर मी अँजिओग्राफीचा विषयच काढणार नाही.

आता दुसरी वही. बाराला दुखणं ३ वर आलं, पण नाडी १०८ वरच. तापमान मोजलं तर १०२. हेही हृदयाचं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही. तापात दर एक अंश सेल्सिअसला नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, म्हणजे १०२ फॅरेनहाइटला पंधरा-वीस ठोके नुसत्या तापाचे. दाढेखाली पू झालाय आणि तो पसरतोय, असा याचा अर्थ असू शकतो. गालावर किंवा जबड्याखाली सूज, तोंड पूर्ण न उघडणं, गिळायला त्रास, जिभेखालचा भाग वर उचलल्यासारखा होणं, आवाज बदलणं, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा. ती सूज श्वासनलिका दाबू शकते. दाढ ‘आधी हृदय बघू’ म्हणत लांबवण्यातला खरा धोका हा आहे. वेदनाशामक गोळीने ठणका दबतो, पू आत तसाच राहतो.

तिसरी वही अशी, की दुखणं नाही, ताप नाही, आणि तरी बसल्या जागी नाडी रोज शंभरच्या वर. हे दाढेवर ढकलू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. तुमच्या वयात पाळीचा स्राव वाढलेला असतो, रक्त कमी झालेलं असतं आणि बाईला ते कळतही नाही. चहा-कॉफी दिवसात किती होतात तेही मोजा. आणखी एक स्पष्ट विचारते: दाढेवर मिश्री लावता का? आपल्याकडे ‘दाढेला बरं वाटतं’ म्हणून दुखऱ्या जागी मिश्री दाबून धरणाऱ्या बायका खूप आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं आणि नाडी, बीपी दोन्ही चढवतं. लावत असाल तर लाजू नका, पण डॉक्टरांना सांगा आणि बंद करा. हृदयाच्या दृष्टीने तुमच्या कार्डिओग्रामपेक्षा ती गोष्ट मोठी आहे.

१५६/९४ चं म्हणाल, तर ठणक्यात घेतलेल्या बीपीवरून ‘मला बीपी आहे’ असं ठरत नाही, आणि ते बघून घरातल्या कुणाची बीपीची गोळी तर मुळीच घ्यायची नाही. दाढ बरी झाल्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शांत बसून मोजा. घरच्या मशीनवर सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर मग फिजिशियनशी बोलायचं.

इंजेक्शनची भीती समजून घेऊ, कारण ती तुम्हाला सगळ्यांत जास्त अडवतेय. दातांचे डॉक्टर लिग्नोकेन देतात आणि त्यात बहुधा ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, बरेचदा १:८०,००० या प्रमाणात. ते तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे बधिरता टिकते आणि रक्त कमी जातं. एका इंजेक्शनात साधारण २० मायक्रोग्रॅम जातं. टोचल्यावर काही मिनिटं धडधड, हात थरथरणं होऊ शकतं आणि ते आपोआप ओसरतं. हृदयरोग असलेल्यांनाही बहुतेक वेळा ते मर्यादित प्रमाणात दिलं जातं. आणि भूल अपुरी राहिली, दाताच्या नसेला ड्रिल लागलं, तर तुमचं शरीर स्वतःच जे ॲड्रेनॅलिन सोडेल ते इंजेक्शनातल्यापेक्षा जास्त असू शकतं. म्हणून नीट बधिर करून घेणं हेच हृदयाला सोयीचं. डॉक्टरांना आधी सांगा, की मला धडधडीची भीती वाटते, सावकाश टोचा. सकाळची वेळ घ्या, जेवून जा, नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा झडपेला आधी जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, अशांनी मात्र दाढ काढण्यापूर्वी किंवा रूट कॅनालपूर्वी प्रतिजैविकाबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. हे तुमच्यासाठी नाही, इतर वाचकांसाठी लिहिलं.

अर्धशिशीत नाडी शंभरला जाण्यामागेही वेदना आहेच, पण तिथे एक जास्तीचं कारण असतं. उलट्या, दिवसभर पोटात काही नाही, पाणीही नाही. शरीर सुकलं की नाडी वाढते, आणि उठून उभं राहिल्यावर आणखी वाढते. घोटघोट मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस पोटात ठरलं की बरेचदा तासा-दीड तासात फरक दिसतो. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता ते लिहिलेलं नाही, आणि मला काळजी तिथे वाटते. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत अर्गोटामिन आणि कॅफिन असतं, काहींत सुमाट्रिप्टानसारखं औषध. ही दोन्ही औषधं रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांनी, बीपी आटोक्यात नसलेल्यांनी ती घ्यायची नसतात. कॅफिनने नाडी वाढते ती वेगळीच. उलट रोज प्रोप्रॅनोलॉल घेत असाल तर नाडी दबून राहते, मग ‘८० च आहे’ म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. अर्गोटामिनची गोळी घरात असेल तर दातांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. पेनिसिलिन न चालणाऱ्यांना कधी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलं जातं, आणि त्यातलं कोणतंही अर्गोटामिनबरोबर पोटात गेलं तर हातापायांचा रक्तपुरवठा धोकादायक कमी होऊ शकतो. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि एकमेकांना कुणीच सांगितलेलं नाही, अशी ही चूक घडते.

डोकेदुखी, घामाने निथळणं आणि धडधड असे तिन्ही एकत्र झटक्याझटक्याने येत असतील, त्या वेळी बीपी खूप चढत असेल, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची तपासणी करावी लागते. हे फार क्वचित असतं. आणि आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी एका मिनिटाच्या आत शिगेला पोचली, तर तिला अर्धशिशी समजून अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका, रुग्णालयात जा.

आता वही, मोजणी सगळं सोडून १०८ ला फोन कधी करायचा ते सांगते. छातीत, जबड्यात किंवा गळ्यात दाबल्यासारखं दुखून दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल. बरोबर गार घाम, धाप, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. बसल्या जागी नाडी दीडशेच्या वर टिकून असेल किंवा ठोके बेताल असून चक्कर येत असेल. हार्ट अटॅकचा संशय असेल आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची एक ॲस्पिरिन चावून खायची. स्कूटरवर मागे बसून जायचं नाही. पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत कार्डिओग्राम निघायला हवा. तो चांगला आला तरी दुखणं तसंच असेल तर तो पुन्हा काढतात, आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासून काही तासांनी परत तपासतात. एका चांगल्या कार्डिओग्रामने हृदय पूर्ण सुटत नाही. तुमच्या बाबतीत त्यावर मी समाधानी आहे, ते तुमच्या दाढेच्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत म्हणून.

फिजिशियनकडे जायचं ते दाढेचं काम झाल्यावर, दुखणं नसताना. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं पुरे. चालताना काही त्रास नसेल तर ट्रेडमिल टेस्टचीही गरज बहुधा पडणार नाही. अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून हृदयापर्यंत न्यायची, तिचे स्वतःचे धोके असतात. ‘मनाच्या समाधानासाठी’ ती करत नाहीत.

आणि एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नाहीये असं मला पत्र वाचताना वाटलं. दीर हे तुमच्या यजमानांचे सख्खे भाऊ. त्यांच्या आजाराचा आनुवंशिक धोका तुमच्याकडे येत नाही, तो यजमानांकडे येतो. दीर गेले तेव्हा त्यांचं वय ५५ च्या आत असेल तर तो जास्तच धरायचा. यजमानांचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल शेवटचं कधी बघितलं? तंबाखू, सिगारेट आहे का? भरभर चालताना छाती किंवा जबडा भरून येतो असं ते कधी म्हणालेत का? फिजिशियनची वेळ घेताना दोघांची घ्या, आणि दिरांचे कागद घरात असतील तर ते बरोबर न्या.